मामांचा करारनामा आणि कडब्याचा प्रश्न

मामांनी व्हॉट्सॲपवर फोटो पाठवले, पाच पानं, त्यातलं तिसरं तिरकं आणि अर्ध्यावर अंगठ्याची सावली. खाली मेसेज, "बाळ, बापूला शेत लावून दिलंय, कागद झालाय, तू जरा वाचून मला सोप्या भाषेत काढून दे, खंड किती, वाटा कसा, किती वर्षं आणि उद्या तो काय काय म्हणू शकतो ते." मामा ठाण्यात, शेत बार्शी तालुक्यात, साडेचार एकर, सातबाऱ्यावर 1 हेक्टर 82 आर, एक विहीर, बांधावर लिंब आणि दोन आंबे. मी लग्नाआधी काही वर्षं एका दस्तलेखकाच्या ऑफिसात टायपिंग केलंय त्यामुळे घरातले सगळे कागद फिरून फिरून माझ्याकडेच येतात, वकील मी नाही हे सांगून झालंय पण ऐकतंय कोण.

असा कागद वाचताना मी पहिल्या कलमापासून सुरुवात करत नाही. आधी तारखा, मग पैशाचे आकडे, मग माणसांना काय म्हटलंय ते. कारण हे कागद कुणी नव्याने लिहीत नाही, जुन्या तीन-चार करारांतले परिच्छेद उचलून एकाला एक जोडलेले असतात आणि जिथे जोड आहे तिथेच घोळ सापडतो. मामांच्या कागदाचं नाव होतं "शेती करण्याबाबत करारनामा (निमबटई)". 500 रुपयांचा स्टॅम्प, नोटरीचा शिक्का, दोन साक्षीदार. दिसायला एकदम भारी.

तारखांपासूनच घोळ. कलम 2 म्हणतं मुदत 11 महिने, गुढीपाडवा म्हणजे 19 मार्च 2026 पासून. कलम 9 म्हणतं "सदर वहिवाट सलग तीन पाडव्यांपर्यंत राहील". आता 11 महिने का लिहितात हे सगळ्यांनाच माहितीये, एक वर्षापेक्षा जास्त मुदतीचा पट्टा असला की 1908 च्या नोंदणी कायद्याच्या कलम 17 प्रमाणे तो रजिस्टर करावा लागतो, तो खर्च आणि ती नोंद दोन्ही नको म्हणून शहरातल्या फ्लॅटच्या भाडेकराराची सवय शेतावर आणून ठेवलीये. पण शेताला 11 महिने मुळात बसतच नाहीत. 19 मार्चपासून मोजले तर मुदत संपते 18 फेब्रुवारी 2027 ला, आणि त्या दिवशी बार्शीच्या रानात मालदांडी ज्वारी एक तर उभी असेल नाहीतर काढून खळ्यावर पडलेली असेल. म्हणजे कागद म्हणतो रान सोड आणि ज्वारी म्हणते थांब जरा. अशा वेळी पीक कुणाचं यावर कागदात एक अक्षर नाही.

बरं, तीन पाडवे सोडा, नुसतं "पाडवा ते पाडवा" धरलं तरी गंमत बघा. 2026 मध्ये अधिक ज्येष्ठ आहे, त्यामुळे पुढचा पाडवा येतो 7 एप्रिल 2027 ला. म्हणजे एका पाडव्यापासून दुसऱ्या पाडव्यापर्यंत वर्षाहून जवळजवळ तीन आठवडे जास्त. गावात कुणालाच हे एक वर्षापेक्षा जास्त वाटणार नाही, पण रजिस्ट्रीच्या हिशेबाने ते जास्तच आहे. मी मामांना लिहिलं की मुदत इंग्रजी तारखेत लिहा, आणि ती उन्हाळ्यात संपवा, ज्वारी-हरभरा निघाल्यावर आणि नांगरटीच्या आधी.

आणि रजिस्टर न केलेल्या कागदाचं एक दुखणं लोकांना कुणी सांगतच नाही. जो दस्त रजिस्टर करायलाच हवा होता आणि केला नाही, तो कोर्टात त्याच्या अटी सिद्ध करायला चालत नाही. मामा उद्या म्हणाले की मुदत तीन पाडवे ठरली होती, वाटा निम्मा ठरला होता, बघा कागद, तर समोरचा वकील म्हणेल हा कागद त्यासाठी वाचताच येत नाही. पण तोच कागद "हा माणूस रानात कुठल्या नात्याने आहे, चोरून घुसलाय का मालकाने बसवलाय" एवढं दाखवायला मात्र चालू शकतो. म्हणजे मामांनी स्वतःला वाचवायला केलेला कागद त्यांच्या कामाचा अर्धवट आणि बापूच्या कामाचा पुरेपूर.

आता पैसे. रोख खंड असा एकच आकडा आहे, रब्बीत विहिरीचं पाणी वापरलं तर एकरी 2 हजार. बाकी सगळं निमबटई. निमबटई म्हणजे अर्धं तुझं अर्धं माझं, हे ऐकायला इतकं सोपं आहे की पुढचं कुणी विचारतच नाही, आणि सगळी भांडणं त्या पुढच्याच्यातच असतात. कलम 4 म्हणतं "पिकाचा सर्व खर्च उभयतांनी निम्मा-निम्मा करणेचा आहे". कलम 7 म्हणतं "मशागत, पेरणी, खुरपणी व काढणी ही कामे लिहून घेणार यांनी स्वखर्चाने करावीत", लिहून घेणार म्हणजे बापू. आता दोन्ही कलमं एकदम खरी कशी असतील? मी मामांना समजावं म्हणून सोयाबीनचा एक हिशेब करून पाठवला, आकडे अंदाजाचे पण गावात कुणालाही पटतील असे. एकरी 8 क्विंटल धरलं तर साडेचार एकरात 36 क्विंटल. भाव 4,400 धरला (सरकारचा 2025-26 चा हमीभाव 5,328 आहे, पण आडतीवर तो मिळेलच असं धरून मी कधीच हिशेब करत नाही). झाले 1,58,400, निम्मे 79,200. बियाणं, खत, फवारणी आणि मळणी मिळून एकरी 6 हजार, म्हणजे 27 हजार. ट्रॅक्टर, पेरणी, खुरपणी, काढणीची मजुरी एकरी 8 हजार, म्हणजे 36 हजार. कलम 7 खरं मानलं तर मामांनी फक्त पहिल्या खर्चाचा निम्मा भाग द्यायचा, 13,500, हातात राहतात 65,700. कलम 4 खरं मानलं तर दोन्ही खर्चाचा निम्मा, 31,500, हातात 47,700. एका ओळीच्या घोळात एका हंगामाचे 18 हजार. आणि यात वाईट कुणीच नाही हो, मामा त्यांचं कलम वाचणार, बापू त्याचं, दोघंही खरं बोलणार.

हा हिशेब बघून मामा फोनवर म्हणाले, "पण बापू असं करणार नाही." मी म्हणलं, मामा, बापू नाही करणार, पण बापूचा मुलगा आणि तुमचा मुलगा करतील, त्या दोघांनी तर एकमेकांना नीट बघितलेलं पण नाही.

मग आला कडबा. कागदात शब्द आहेत "निघणाऱ्या धान्याचा निम्मा वाटा". धान्याचा. सोयाबीनमध्ये हे खपून जातं, भुसकटाचं कुणी एवढं मनावर घेत नाही. पण रब्बीत ज्वारी आहे आणि सोलापूरकडच्या माणसाला ज्वारी म्हणजे काय ते विचारा, धान्य खाण्यापुरतं आणि कडबा विकायला. शंभर पेंढ्यांच्या शेकड्यावर भाव ठरतो, आणि पाऊस दगा देतो त्या वर्षी कणसापेक्षा धांडा महाग होतो. "धान्याचा" असं लिहिलंय म्हणजे कडबा पूर्ण बापूचा, असं तो म्हणू शकतो आणि माझ्या मते कागद वाचून त्याचंच बरोबर ठरेल. मामांना हे अजिबात सुचलं नव्हतं, कारण आजोबांच्या काळात कडबा आपल्याच गोठ्यात यायचा, त्याचा वाटा करायची वेळच आली नव्हती. ते आंबे कुणाचे हेही नाही लिहिलेलं, पण ते मी सोडून दिलं, दोन झाडांच्या आंब्यावरून मामा भांडणार नाहीत.

अजून एक न लिहिलेली गोष्ट म्हणजे नुकसानभरपाई. 2025 च्या सप्टेंबरात सोलापूर-धाराशिवकडे जो पाऊस झाला, सीनेला पूर आला, उभं सोयाबीन पाण्यात गेलं, तेव्हा सगळीकडे हाच प्रश्न पडला होता. सरकारची मदत येते सातबाऱ्यावर ज्याचं नाव आहे त्याच्या खात्यात. बियाण्याचा खर्च निम्मा बापूचा, राबणूक सगळी बापूची, आणि पैसे ठाण्यातल्या खात्यात. मी मामांना सरळ लिहिलं की पिकाच्या नुकसानीचे पैसे आले तर ज्या प्रमाणात खर्च केला त्या प्रमाणात वाटायचे आणि माती वाहून गेली त्याचे आले तर ते मालकाचे, हे कागदात घाला. पीकविम्याचंही तसंच. कसणाऱ्याला स्वतःच्या नावाने विमा काढायचा तर रजिस्टर भाडेकरार मागतात, नोटरीवाला कागद त्याच्या काहीच कामाचा नाही. आणि ई-पीक पाहणी, जी 2021 पासून शेतकऱ्यानेच मोबाईलवरून करायची असते, ती कोण करणार हेही ठरलेलं बरं, कारण रानात जाऊन फोटो काढावा लागतो आणि मामा तर ठाण्यात.

आता खरा भाग, ज्याच्यासाठी मामांनी फोटो पाठवले होते पण सरळ विचारलं नव्हतं. कुळ लागेल का?

कागदात कलम 11 आहे, जाड अक्षरात, "लिहून घेणार हे केवळ मजूर असून ते कुळ नाहीत व भविष्यात कुळहक्क सांगणार नाहीत". मामांचा सगळा विश्वास या एका कलमावर. आणि माझ्या मते अख्ख्या पाच पानांत सगळ्यात कुचकामी कलम हेच आहे. बार्शी सोलापूर जिल्ह्यात, म्हणजे जुन्या मुंबई इलाख्यात, म्हणून तिथे 1948 चा कुळकायदा लागतो (पलीकडे धाराशिवात गेलं की निजामाचा मुलूख, तिथे 1950 चा हैदराबादचा कायदा, विदर्भात 1958 चा, त्यामुळे चुलत भावाच्या गावची गोष्ट ऐकून आपलं ठरवू नये). या कायद्याचं कलम 4 कागदावर तुम्ही माणसाला काय नाव दिलंय ते विचारत नाही. ते विचारतं, दुसऱ्याची जमीन हा कायदेशीरपणे कसतो का, मालक स्वतः कसत नाही ना, आणि हा मालकाच्या घरातला, पगारी नोकर-मजूर किंवा कब्जेगहाण घेतलेला तर नाही ना. या चाळणीतून खाली पडला की तो कुळ मानला जातो.

आता मजुराचं बघा. कायदा म्हणतो मजुराला मजुरी पैशात द्या किंवा धान्यात द्या, दोन्ही चालेल, पण पिकाच्या वाट्यात दिली तर तो मजूर धरत नाहीत. हे अगदी स्पष्ट लिहिलेलं आहे, मालकाने "स्वतः कसणे" म्हणजे काय त्या व्याख्येतही आणि कलम 4 मध्येही. म्हणजे मामांचा कागद कलम 3 मध्ये म्हणतो निम्मा वाटा, आणि कलम 11 मध्ये म्हणतो मजूर. पहिलं खरं असेल तर दुसरं खोटं. शिवाय मजुरावर मालकाची किंवा घरच्या कुणाची तरी देखरेख लागते, आणि मामांची देखरेख म्हणजे पोळ्याला एक फोन. सैन्यात असलेले, विधवा, अज्ञान मुलं, अपंग यांच्यासाठी व्याख्येत सवलत आहे, दुसऱ्याकडून कसून घेतलं तरी ते स्वतः कसतात असं धरतात, पण मामा यातले कुणीच नाहीत, पेन्शनर आहेत.

"हक्क सांगणार नाही" या ओळीबद्दल तर बोलायलाच नको. कायद्याने दिलेलं संरक्षण असं आगाऊ लिहून काढून घेता येत नाही. खऱ्या कुळालासुद्धा आपला हक्क सोडायचा असेल तर तो लेखी द्यावा लागतो आणि तहसीलदार (कायद्यात मामलेदार) त्याला समोर बसवून खात्री करतो की हा राजीखुशीने सोडतोय, कलम 15. नोटरीपुढे केलेली सही तिथे पुरत नाही.

मग मी मामांसाठी ती यादी काढली, बापू काय काय म्हणू शकतो त्याची, आणि ती पाठवताना मला स्वतःलाच जरा धास्ती वाटली. तो कुळ आहे की नाही हे ठरवणार तहसीलदार, दिवाणी कोर्ट नाही. एकदा कुळ ठरला की त्याला रानातून काढायला मामांना तहसीलदाराकडेच अर्ज करावा लागेल, कुलूप लावून किंवा ट्रॅक्टर घालून नाही. खंड थकवला म्हणून काढायचं तर त्या महसुली वर्षाचा खंड 31 मेपर्यंत आला नाही हे दाखवायचं, वर तीन महिन्यांची लेखी नोटीस द्यायची, आणि तरीही तो थकबाकी भरून वाचू शकतो. खंडाची पावती मागायचा त्याला हक्क आहे, वाटा दिला तरी. आणि सगळ्यात मोठं, कलम 32-ओ. 1 एप्रिल 1957 हा कृषक दिन, त्यानंतर सुरू झालेल्या कुळवहिवाटीत स्वतः कसणाऱ्या कुळाला वहिवाट सुरू झाल्यापासून एका वर्षाच्या आत ती जमीन विकत मागता येते. एक वर्ष. म्हणजे "11 महिने" आणि "दर वर्षी माणूस बदला" या दोन गावठी युक्त्यांमागे रजिस्ट्रीशिवाय ही भीतीही असावी.

खंडाच्या कमाल मर्यादेचं तर मी मामांना मुद्दाम शेवटी सांगितलं. कुळकायद्याच्या कलम 8 प्रमाणे खंड आकाराच्या, म्हणजे जमिनीच्या सरकारी साऱ्याच्या, पाचपटीपेक्षा किंवा एकरी 20 रुपयांपेक्षा, यातलं जे कमी त्यापेक्षा जास्त नाही. मामांच्या सातबाऱ्यावर आकार आहे 6 रुपये 40 पैसे. पाचपट म्हणजे 32 रुपये. साडेचार एकराचे, वर्षाचे. मामा बराच वेळ गप्प आणि मग म्हणाले, "32 रुपयांत तर इथे वडापाव दोन येतील." हा आकडा 1950 च्या दशकातला, तसाच बसून राहिलाय, आणि बाहेर खंडाचा बाजार त्याच्याकडे न बघता चालू आहे. सगळं गाव कायद्याबाहेर व्यवहार करतं म्हणून कुणीही खरं लिहीत नाही, आणि खरं लिहीत नाही म्हणून भांडण झालं की दोघांच्याही हातात धड काही नसतं. नीती आयोगाने 2016 मध्ये टी. हक यांच्या समितीचा मसुदा घेऊन शेतजमीन भाडेपट्ट्याचा नमुना कायदा राज्यांना दिला होता, त्यातली मूळ कल्पनाच ही की मालकाची मालकी सुरक्षित ठेवा म्हणजे तो उघडपणे पट्टा करेल आणि कसणाऱ्याला कर्ज-विमा मिळेल. मला ती पटते.

मामांचा प्रश्न मात्र साधा होता, मग मी करू काय? मी म्हणलं दोन सरळ रस्ते आहेत आणि तुमचा कागद दोन्हीच्या मधोमध उभा आहे. एक, खरोखर स्वतः कसा. बापूला ठरलेली मजुरी द्या, महिन्याला किंवा सालाने, बँकेतून, पिकाचा वाटा नाही, बियाणं-खताची बिलं तुमच्या नावाची, आडतीवरची विक्रीची पट्टी तुमच्या नावाने, ई-पीक पाहणी तुम्ही, आणि पेरणी-काढणीला स्वतः जा. मग तो मजूर आहे हे कागदाने नाही तर वर्षभराच्या व्यवहाराने दिसतं. यात तोटा झाला तर सगळा तुमचा, हे पण लक्षात घ्या. दोन, वाट्यानेच द्यायचं तर तो कुळ म्हणून उभा राहू शकतो हे धरून चाला, बार्शीतल्या महसुली कामं करणाऱ्या वकिलाला आधी भेटा, आणि वाटा, खर्च, कडबा, भरपाई, उभं पीक एवढं तरी स्वच्छ लिहा. फक्त कलम 11 सारखं काहीतरी लिहून निवांत झोपू नका.

मी बापूशीही बोलले, मामांनीच नंबर दिला. त्याला कुळकायद्यात फारसा रस नव्हता, निदान बोलण्यात तरी. त्याचं म्हणणं वेगळंच होतं. "ताई, 11 महिन्यांच्या रानाला मी शेणखत कशाला टाकू? चार ट्रॉल्या टाकल्या तर त्याचा गुण दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी येतो, तवर दुसराच कसत असंल. बांध फुटला तर तेबी कुणी बघायचं?" माझ्या यादीत मुदतीच्या पुढे मी फक्त रजिस्ट्री आणि ज्वारी लिहिलं होतं. त्याने सांगितलं ते घालून यादी परत पाठवली: शेणखत टाकल्याची तारीख आणि ट्रॉल्या लिहून ठेवायच्या, पुढच्या वर्षी रान दुसऱ्याला दिलं तर त्या खर्चाचा ठरलेला भाग बापूला परत.

मामांनी पहिला रस्ता नाकारला, एवढ्या चकरा या वयात जमणार नाहीत म्हणाले. दुसऱ्यासाठी वकिलाची वेळ घेतलीये. कलम 4 आणि 7 एक करायला दोघंही तयार झाले, बियाणं, खत, औषध, मळणी निम्मी आणि राबणूक बापूची. शेणखताचं कलम मामांना आवडलं नाही पण ठेवलं. अडलंय ते कडब्यावर. बापू म्हणतो जनावरं माझी आहेत, मामा म्हणतात मग निम्म्या कडब्याचे पैसे दे, आणि शेकड्याचा भाव कोणत्या दिवसाचा धरायचा यावर दोघांचे रोज फोन चालू आहेत.